पिवळा चमचा

जानेवारीची सकाळ होती. खाडीवरून चढलेलं धुकं आणि पावणे गावच्या कारखान्यांचा आंबूस वास एकमेकांत कालवून कुणी जुईनगरवर थापल्यासारखं वाटत होतं. सहा वाजले तरी शाळेसमोरच्या दिव्याखालचा कुत्रा दिसत नव्हता, त्याचं नुसतं खोकणं ऐकू येत होतं. वेणूबाईनं गेटची कडी काढली, पदर कमरेला खोचला आणि नातवाला पायरीवर बसवलं.

"हितंच बस. धुळीत यायचं न्हाय."

"हो मावशी," स्वराज म्हणाला.

सहा वर्षांचं पोर ते, पहिलीतलं. घरात ती आजी, पण गेटच्या आत मावशी. हा नियम सुपरवायझर नंदकिशोर सरांनी पहिल्याच दिवशी घालून दिला होता. स्टाफचं मूल म्हणून निम्म्या फीमध्ये प्रवेश दिलाय, पण शाळेत नातीगोती चालणार नाहीत. पोरानं तो इतका चोख पाळला होता की कधीकधी घरीसुद्धा तो तिला मावशी म्हणायचा, आणि वेणूबाईच्या काळजात बारीक काटा मोडायचा.

झाडणं झालं. पाण्याच्या टाकीवरचं झाकण उचलून तिनं आत बॅटरी मारून बघितली. स्टीलचे पेले राखेनं घासले. साबणानं घासा असा हुकूम होता, पण साबणाचा वास पेल्याला राहतो आणि पोरं पाणी प्यायची टाळतात हे वेणूबाईला ठाऊक, म्हणून ती घरून डब्यात राख आणायची. साताऱ्याकडची, खटाव तालुक्यातली बाई. नवरा मार्केटात माथाडी होता, त्याच्या मागं लेक ज्ञानू त्याच कामाला लागला. तीस वर्षं नव्या मुंबईत काढली, पण बोली तिनं बदलली नाही. "ह्या मुंबईनं माजं गुडघं घ्येतलं, जीभ न्हाय दिली म्या," असं ती म्हणायची.

पेले उपडे घालता घालता तिची नजर पायरीकडं गेली. स्वराज गुडघ्यात डोकं घालून बसला होता. काल रात्री त्यानं निम्मा भात टाकला होता. सकाळी दुधात कुस्करलेली चपाती चार घास खाल्ली आणि वाटी सारली. तिनं ओल्या हातानंच कपाळ बघितलं. थंड.

"काय रं, झोप आली व्हय?"

"हं."

थंडीचं असंल, म्हणून ती पुढं गेली. पुढं कितीतरी दिवस हा एवढाच क्षण तिला चावत राहिला. कारण घरच्या भिंतीवर, देवाच्या फोटोशेजारी टांगलेल्या कागदावर दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं: ताप, उलटी, जुलाब, किंवा नेहमीपेक्षा कमी जेवण. यातलं काहीही एक झालं तरी आजारपणाचं खाणं सुरू करा. वाट बघू नका.

तो कागद तिला तोंडपाठ होता. वाचायला ती साक्षरता वर्गात शिकली होती. पण हा कागद तिनं वाचून पाठ केला नव्हता, सून गीतांजलीकडून ऐकून ऐकून केला होता, एखादी आरती करावी तसा.

पोराला एमकॅड नावाचा दोष होता, जन्मताच. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं: माणूस उपाशी राहिला की अंगातली साखर संपते, मग शरीर साठवलेली चरबी जाळून निभावून नेतं. ह्याच्या शरीराला ती चरबी जाळताच येत नाही. एरवी वेळेवर खाल्लं-प्यायलं की पोर बाकीच्यांसारखंच. पण आजारात शरीराला जास्त लागतं आणि खाल्लं जातं कमी. मग साठवण भराभर संपते, आणि डोकं उपाशी पडतं.

"म्हंजी चुलीत लाकडं हायती, पर पेटत न्हाईत," वेणूबाई तेव्हा म्हणाली होती.

"बरोबर आजी. म्हणून आपण सारखा पाला टाकत राहायचा. विझू द्यायचं नाही."

त्यासाठी ती पांढरी पावडर. चवीला फिकी गोड, जिभेला किंचित चिकट. डब्यातल्या पिवळ्या चमच्यानं दोन सपाट चमचे, म्हणजे वीस ग्रॅम. आधी पावडर, मग पाणी, आणि तेही शंभरच्या रेघेपर्यंतच. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही. पोर झोपलं असलं तरी उठवून. उलटी झाली तर थोडं थांबून पुन्हा एकदा द्यायचं, पुन्हा पडली तर हॉस्पिटल. पीत नसेल, सुस्त झालं असेल तर लगेच हॉस्पिटल.

शाळेत असाच एक डबा होता आणि असाच एक कागद. कागद लॅमिनेट करून आजारी मुलांच्या खोलीत लावला होता, डबा तिथल्याच फळीवर. वेणूबाई रोज त्या डब्याच्या झाकणावरची धूळ पुसायची. झाकण उघडायची नाही. "मावशी, औषधांना हात लावायचा नाही. ते टीचरचं काम," असं तिला सांगितलेलं होतं.

साडेनऊला पहिलीच्या मनाली टीचर स्वराजला हाताला धरून त्या खोलीत घेऊन गेल्या. नव्या होत्या, खारघरहून यायच्या. पोरांवर जीव होता. वेणूबाईला जिन्यात गाठून त्यांनीच सांगितलं.

"मावशी, स्वराजला थोडा ताप आलाय. पण टेन्शन घेऊ नका, कागदाप्रमाणे सगळं चालू केलंय. ड्रिंक दिलं, सगळं प्यायला. मम्मीला फोन केला, पण कंपनीत मोबाईल बाहेर ठेवतात ना, निरोप ठेवलाय. पुढचं पावणेबाराला देते."

वेणूबाईनं दारातून डोकावलं. पोर खाटेवर बसून पेल्याचा तळ बघत होतं. तिच्या छातीतलं ओझं उतरलं. बाई चांगली आहे, वेळेवर देतेय. आता आईबाप येईपर्यंत निभेल. तिनं फरशी पुसायची काठी उचलली आणि वरच्या मजल्यावर गेली.

ती परत आली बारा वाजून गेल्यावर. तिसरीतल्या कुणाचा तरी गुडघा फुटला होता, कापूस हवा होता. खोलीत पडदा ओढलेला. स्वराज भिंतीकडं तोंड करून झोपलेला. मनाली टीचर वह्या तपासत शेजारी बसलेल्या. खाटेखाली अर्धा भरलेला पेला.

"दुसरं निम्मंच प्यायला," टीचर हलक्या आवाजात म्हणाल्या. "झोप आली त्याला. म्हटलं झोपू दे. पोटालाही जरा आराम."

वेणूबाईच्या हातातला कापूस खाली पडला.

पोटाला आराम. हेच. हेच शब्द, फक्त ते तिच्या स्वतःच्या तोंडचे होते. आठ वर्षांपूर्वी, तुर्भ्याच्या खोलीत. स्वराजची थोरली बहीण, राजलक्ष्मी, अडीच वर्षांची. ताप आला होता. गीतांजली पेज घेऊन बसली होती आणि वेणूबाईनं तिच्या हातातली वाटी काढून घेतली होती. "तापात खायाला घालत्यात व्हय? लंघन घाल. आमच्या सासूनं आमाला असंच वाढीवलं. झोपू दे तिला, पोटाला आराम पडू दे." सून काही बोलली नाही, सासूपुढं बोलायची तेव्हा तिची टाप नव्हती. सकाळी राजलक्ष्मी उठली नाही. कुणी वेणूबाईला बोललं नाही, ज्ञानू नाही, सून नाही, डॉक्टरही नाहीत. ते तर म्हणाले, आजी, तुम्हाला कसं ठाऊक असणार. पुढं स्वराज झाला तेव्हा तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेतले म्हणून ह्याचं कळलं, आणि त्यावरून तिचंही. आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून वेणूबाईला राग येत होता. कुणावर, हे तिनं नीट बघितलं नव्हतं.

तिनं पेला उचलला. बोट बुडवून जिभेवर ठेवलं.

पाणी. नुसतं पाणी, साखरेचा रिकामा डबा धुतल्यासारखं.

"बाई," ती म्हणाली, "ह्यात किती घातलं?"

"दोन चमचे. लिहिलंय तसं."

"कंचा चमचा?"

"हा." टीचरनी टेबलावरचा स्टीलचा चमचा दाखवला. चहात साखर ढवळायचा, चिमुकला. "डब्यात चमचाच नव्हता मावशी. म्हणून मी स्टाफरूममधून आणला. सपाट दोन, मी मोजून…"

"आवो, त्यो चमचा केवढा, ह्यो केवढा! तसलं दोन म्हंजी ह्यानं आठ घालाया पायजेत, आठ! सकाळधरनं पोरगं पाण्यावर ठेवलं तुमी?"

टीचरचा चेहरा कागदासारखा झाला. दारात चहाचा ट्रे घेऊन शिपाई सिताराम उभा होता, जिथल्या तिथं थिजलेला. मग तो एकाएकी वळला आणि गेला.

वेणूबाई खाटेवर वाकली. "स्वराज. ए सोन्या. ऊठ."

पोरानं डोळे उघडले, पण ते तिच्यावर थांबले नाहीत, सरकून भिंतीवर गेले. ओठ कोरडे. अंग घामानं गार.

"स्वराज! माज्याकडं बघ!"

"हो… मावशी," तो म्हणाला. जड जिभेनं, नियम पाळून. आणि डोळे मिटले.

तिच्या तोंडातून जी शिवी निघाली ती त्या शाळेच्या भिंतींनी आजवर ऐकली नव्हती.

मनाली टीचर धडपडत उठल्या, डबा उघडला, पावडर भसाभस पेल्यात ओतू लागल्या. "मी आत्ता नीट करून देते, बरोबर स्ट्रॉंग…"

"थांबा! गुंगीतल्या पोराच्या नरड्यात वतायचं न्हाय. छातीत जाईल. त्ये बी लिवलंय तितं, खालच्या वळीत. आता पाजायची येळ गेली. आता सलाईन."

तेवढ्यात आरडाओरडा ऐकून नंदकिशोर सर आले, हातात साखर मोजायचं मशीन. मनानं वाईट नव्हता हा माणूस. फक्त त्याचा जीव रजिस्टरात होता. त्यांनी स्वराजच्या बोटाला टोचलं, आकडा बघितला, सुस्कारा सोडला.

"अठ्ठ्याऐंशी. नॉर्मल आहे मावशी. उगाच पॅनिक करू नका. तापाची ग्लानी असते ती. पालक येतील, मग ठरवू."

"सर, आकडा शेवटाला पडतो. आदी पोरगं पडतं. वाचा की वो त्यो कागद! 'साखर नॉर्मल आली तरी थांबू नका.' तुमीच लॅमिनेट करून लावलाय न्हवं? का नुसता शोभंला?"

सरांनी भिंतीकडं पाहिलं. ती ओळ तिथं होती, ठळक अक्षरात. त्यांनी चष्मा सारखा केला.

"ठीक आहे, हॉस्पिटलला नेऊ. पण पालकांशिवाय मूल बाहेर सोडता येत नाही. पिकअप कार्डावर आई आणि वडील अशी दोनच नावं आहेत. तुमचं नाव नाही."

"म्या आजी हाय त्येची!"

"मला माहीत आहे. पण कार्डावर…"

"सर," वेणूबाई म्हणाली, आणि तिचा आवाज खाली आला. पोरं तिच्या ओरडण्याला भ्यायची नाहीत, ह्या खालच्या आवाजाला भ्यायची. "ह्या शाळंत मी सहा वर्सं तुमचं संडास धुतलं. आजपातुर एक शब्द वर क्येला न्हाय. आता मी ह्याला उचलनार. तुमाला आडवायचं आसंल तर दारात उभं ऱ्हावा. पर मग उद्या ह्येच्या आईला तोंड तुमी दाखवायचं, मी न्हाय."

तिनं वीस किलोचं पोर उचललं. गुडघे कडकडले. सर दारात होते. क्षणभर तिथंच राहिले, मग अंग चोरून बाजूला झाले आणि मागून म्हणाले, "मनाली टीचर, तुम्ही बरोबर जा. मी आई-वडिलांना परत फोन लावतो." म्हातारीनं ऐकलं, पण मान वळवली नाही.

तिनं भिंतीवरचा कागद ओरबाडून काखेत मारला. चिकटपट्टीबरोबर रंगाचा पोपडाही आला.

गेटबाहेर सितारामनं रिक्षा थांबवून ठेवली होती. रिक्षात पाय टाकताना तिला त्याचा हात दिसला. मुठीत पिवळा चमचा. चहाच्या पत्तीनं तपकिरी झालेला.

"वेणूताई," तो रडवेला होऊन म्हणाला, "डब्यात नुसता पडलेला होता हो. दिवाळीपासून. दोन चमच्यात बरोबर सहा कप होतात म्हणून…"

तिनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पुढचं गिळून गेला. बोलायला वेळ नव्हता. रिक्षा सुटली.

सिग्नलला गाडी अडकली. वेणूबाई पोराचं डोकं छातीशी धरून त्याला सारखी हलवत होती. "बोल माज्याशी. पाढा म्हन. बे एकं बे. ए, झोपायचं न्हाय! कोन म्हनलं झोप म्हून?" मनाली टीचर समोर फोनवर हॉस्पिटलला कळवत होत्या, रडत आणि तरी नीट: नाव, वय, वजन, एमकॅड, साडेनऊपासून ताप, साडेपाचनंतर पोटात फारसं काही नाही, सुस्त, उठत नाही. हे शेवटचे दोन शब्द म्हणताना त्यांचा आवाज फुटला.

"आता रडू नगा बाई," वेणूबाई खेकसली. "सांगा त्येस्नी, सलाईन काडून ठेवा म्हनावं."

वाटेत तिनं भांडणाची सगळी तयारी करून ठेवली. डॉक्टर म्हणणार, रांगेत बसा. केसपेपर काढा. आधी रिपोर्ट. साखर नॉर्मल आहे, घरी न्या. ह्या प्रत्येकाला काय उत्तर द्यायचं ते तिनं दात आवळून घोळवलं. अपघात विभागाच्या दारात ती शिरली तेव्हा तिच्या अंगात सात म्हशींचं बळ होतं.

समोर एक पोरगेली डॉक्टर उभी होती. कोटावर नाव: डॉ. निशिगंधा. तिनं पोराच्या पापण्या वर केल्या, वेणूबाईच्या काखेतला कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला. खालची सही बघितली. मागं बघून म्हणाली, "सिस्टर, शिरा बघा. शुगर, गॅस, अमोनिया पाठवा. आणि दहा टक्के डेक्स्ट्रोज आणा."

सिस्टरनी बोट टोचलं. "मॅडम, शुगर चौऱ्याहत्तर आहे. रिपोर्ट आल्यावर लावू या का?"

"नाही. ह्या मुलांमध्ये आकड्याची वाट बघायची नसते. शाळेत अठ्ठ्याऐंशी होती ना? बघा, उतरतीय. आत्ता लावा. मी ह्या नंबरवर त्यांच्या डॉक्टरांना फोन करते."

बस. एवढंच. कुणी रांगेत बसवलं नाही, कुणी हाकललं नाही. नळीतून थेंब पडू लागले. वेणूबाईनं एवढा राग गोळा करून आणला होता आणि आता त्याला घ्यायला कुणीच नव्हतं. ती खाटेच्या लोखंडी दांडीला म्हणाली, "गंजलीयास मेल्या." मग खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडात कोंबला.

गीतांजली दोन वाजता आली. डोक्यावर कंपनीची जाळीची टोपी तशीच. तिनं आधी पोराकडं पाहिलं, मग नळीकडं, मग सासूकडं. "किती वाजल्यापासून आत्या?"

वेणूबाईनं सगळं सांगितलं. चमचा, आकडा, कार्ड. आणि मग, जे सांगायचं नव्हतं तेही सांगितलं. "सकाळी त्यानं चारच घास खाल्लं हुतं. रातीबी निम्मा भात. मला दिसलं हुतं गीता. मी म्हनलं, थंडीचं आसंल. तवाच घरी ठेवून पावडर सुरू करायची हुती."

गीतांजलीनं पोराच्या अंगावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "रात्रीचा भात मला पण दिसला होता आत्या." तिनं डोक्यावरची जाळी ओढून काढली. "दोघींनी मिळून भांडू आता. एकमेकींशी नाही. सकाळी आधी कपाळ नाही, ताट बघायचं. निम्मं राहिलं की शाळा नाही, संपलं."

आठ वर्षांत राजलक्ष्मीचं नाव त्या दोघींमध्ये निघालं नव्हतं. आताही निघालं नाही. पण गीतांजलीनं सासूच्या हातातला पदराचा बोळा सोडवला आणि तिथं पाण्याची बाटली दिली.

चारच्या सुमारास स्वराजनं डोळे उघडले. ते ह्यावेळी आजीवर येऊन थांबले.

"शाळा सुटली का?"

"सुटली. तुज्या त्या शाळंला आग लागली," वेणूबाई म्हणाली. "तोंड उघड, काय खानार सांग. आणि मावशी म्हनलास तर बग."

चौथ्या दिवशी ती कामावर गेली. स्वराज घरी होता, सून रजेवर. ज्ञानू म्हणाला होता, आई, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "सोडू? आन त्यो डबा कोन बगनार? शाळा बदलली तर नव्या शाळंत पुन्हा पयल्यापास्नं शिकवायचं. ह्यास्नी निदान भ्या तरी बसलंय."

नंदकिशोर सरांच्या टेबलावर एक कागद तयार होता. स्पष्टीकरण. आपण परवानगी न घेता विद्यार्थ्यास शाळेबाहेर नेले, याबाबत खुलासा करावा.

"फॉर्मॅलिटी आहे मावशी. वरून मागितलंय. तुम्ही फक्त सही करा, मी लिहितो."

"सही करते की. पर मी सांगते त्ये लिवा." ती उभीच राहिली, खुर्चीवर बसली नाही. "लिवा. चमचा दिवाळीपास्नं चहात हुता. लिवा. डब्याला हात लावायचा न्हाय म्हून मला सांगितलं हुतं, म्हून मला कळलं न्हाय. लिवा. भिंतीवर कागद हुता आन त्यो एकानं बी शेवटपातुर वाचला न्हवता. ह्ये समदं लिवा, मग माजी सही घ्या. अंगठाबी देते वर, पायजे तर."

सरांनी पेन उचललं. खाली ठेवलं. पुन्हा उचललं. पहिली ओळ लिहिली, आणि ती खरंच तशीच लिहिली, चमच्याची. कान लाल झाले होते. दुसऱ्या ओळीला ते थांबले, ड्रॉवरमधून एक कार्ड काढलं आणि तिच्यापुढं सरकवलं. पिकअप कार्ड. तिसऱ्या रकान्यात तिचं पूर्ण नाव, टायपानं.

"फोटो द्या एक," ते म्हणाले.

"देते." कार्ड तिनं पोलक्यात घातलं. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

आजारी मुलांच्या खोलीत मनाली टीचर डब्याच्या झाकणाला सुतळीनं चमचा बांधत होत्या. नवा चमचा, पिवळाच. शेजारी छोटा वजनकाटा ठेवला होता, आणि भिंतीवर परत लावलेल्या कागदाखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक ओळ चिकटवली होती: हा चमचा नसेल तर वीस ग्रॅम वजन करा. तेही जमत नसेल तर थांबू नका, हॉस्पिटलला न्या.

"बघा ना मावशी. बरोबर आहे?"

वेणूबाईनं वाचलं, ओठ हलवत, शब्द शब्द. मग सुतळी ओढून बघितली. "गाठ ढिली हाय. ह्या शाळंत चमच्याला पाय फुटत्यात." तिनं गाठ सोडली, पुन्हा बांधली, दातानं आवळली. टीचर काहीतरी बोलायला गेल्या, सॉरी असावं. "राहू द्या बाई," वेणूबाई म्हणाली. आवाजात माया नव्हती, पण पूर्वीची धारही नव्हती. "मीबी एकदा आसंच म्हनले हुते." काय, ते तिनं सांगितलं नाही.

बाहेर सिताराम चहाची किटली घेऊन उभा होता. सकाळपासून तो तिच्या नजरेला नजर देत नव्हता.

"वेणूताई, चहा…"

"तुजा चहा?" ती म्हणाली. "तुज्या चहाला मी जल्मात त्वांड लावनार न्हाय. तुज्या मैताला सुदिक कोरा पाजंन मी लोकास्नी."

"बरोबर आहे," सिताराम म्हणाला.

"बरूबर हाय म्हनं! गप, तोंड वर करून बोलू नगं. मोजायला आता काय घेतुयास?"

"मूठ."

"मूठच घे."

तेवढ्यात दुसरीतलं एक पोर धावत आलं. "मावशी, मावशी! आमच्या वर्गात एकीनं उलटी केली. बाकाखाली!"

"सकाळी काय खाल्लं हुतं तिनं?" वेणूबाईनं आधी विचारलं.

पोर गोंधळलं. "माहीत नाही."

"मग इचार जा. आन तिला पाणी दे, घोट घोट. मी आले."

तिनं जिन्याखालून लाकडाच्या भुशाचा डबा काढला, बादली भरली, काठीला ओलं फडकं गुंडाळलं. पदर खोचला. भुसा मुठीत घेऊन ती पायऱ्या चढू लागली, गुडघ्यांना शिव्या देत.